करपा येईल का? निर्णयवृक्ष आणि रँडम फॉरेस्ट यांची ओळख

प्रस्तावना

ऑगस्ट उजाडला की इगतपुरी तालुक्यातल्या भात उत्पादकाच्या मनात एक प्रश्न घोळू लागतो. आवणी उरकलेली असते, चुडांना फुटवे येत असतात, पाऊस मुसळधार पडायचा थांबून दिवस दिवस झिमझिमत राहतो. डोंगरावरून उतरलेलं धुकं सकाळी उशिरापर्यंत खाचरांतून हलत नाही. अशा हवेत भातावर करपा येतो. तो एका बुरशीचा रोग आहे. पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी आणि कडेने तपकिरी असे ठिपके दिसतात. पुढे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि पान वाळतं. हाच रोग लोंबीच्या मानेवर आला तर दाणा भरतच नाही. म्हणून प्रश्न असतो तो येत्या आठ-दहा दिवसांचा: या खाचरात करपा येईल का, आणि आज फवारणी करायची की थांबायचं?

हा प्रश्न सोडवण्याची व्यवस्था इथे आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं विभागीय कृषी संशोधन केंद्र इगतपुरीत आहे. भारतीय हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रिका आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. तिच्यात पुढच्या पाच दिवसांच्या हवेचा अंदाज आणि त्यावर बेतलेला पीकसल्ला असतो. राज्याच्या कृषी विभागाचा क्रॉपसॅप नावाचा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्पही आहे. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर किडींचा मोठा उद्रेक झाला, त्यानंतर २००९-१० पासून तो सुरू झाला, आणि भातही त्याच्या पिकांत आहे. त्यात निरीक्षक ठरलेल्या शेतांवर जातात, चुडांवरच्या किडी आणि रोगट पानं मोजतात, आणि त्या मोजणीवरून सल्ला निघतो.

या पुस्तिकेचा विषय याच्या पुढचा आहे. असं मोजमाप अनेक शेतांचं आणि अनेक हंगामांचं साठलं, तर त्या नोंदींतूनच सल्ल्याचा नियम काढता येईल का? येतो. त्याच्या अनेक रीती आहेत. त्यांतली सर्वांत समजण्याजोगी रीत म्हणजे निर्णयवृक्ष, आणि त्या वृक्षाच्या उणिवा भरून काढण्यासाठी निघालेली रीत म्हणजे रँडम फॉरेस्ट. या दोन्ही समजून घ्यायला गणित यावं लागत नाही. मोजता आलं आणि दोन ढिगांपैकी अधिक मिसळलेला कोणता हे सांगता आलं की पुरे.

एका प्रश्नाचा नियम

ओळखीच्या नियमापासून सुरुवात करू. भातावरच्या खोडकिडीसाठी कृषी विभागाचा सल्ला असा असतो की, कीडग्रस्त फुटवे शंभरात पाचांच्या वर गेले तर उपाय करा, त्याखाली असतील तर लक्ष ठेवा. याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. या नियमाची घडण पाहा. एक प्रश्न आहे, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर आहे आणि प्रत्येक उत्तराच्या टोकाला एक सल्ला आहे. निर्णयवृक्षाचं हे सर्वांत लहान रूप. एका उत्तरानंतर दुसरा प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरानंतर तिसरा, की फांद्या वाढत जातात.

मात्र हा पाच टक्क्यांचा आकडा तज्ज्ञांनी प्रयोगांवरून आणि अनुभवावरून ठरवलेला आहे. आपण बोलणार आहोत त्या निर्णयवृक्षात कोणता प्रश्न आधी विचारायचा आणि रेघ कुठे मारायची हे कोणी हाताने ठरवत नाही. ते नोंदींतून निघतं. कसं निघतं, हे एका लहान तक्त्यावर पाहू. तक्ता समजावण्यासाठी रचलेला आहे, प्रत्यक्ष सर्वेक्षणातला नाही. त्यातल्या तीन गोष्टी मात्र करप्याशी खरोखर निगडित आहेत. बुरशीचं बीज पानात शिरायला पान बराच वेळ ओलं राहावं लागतं. नत्र जास्त झालेलं भात लुसलुशीत होऊन रोगाला लवकर बळी पडतं. आणि आधीच्या हंगामातल्या रोगट पेंढ्यात नि धसकटांत बुरशी टिकून राहू शकते.

| शेत | सकाळी पान उशिरापर्यंत ओलं | युरिया | गेल्या वर्षी करपा | दहा दिवसांनी |
|---|---|---|---|---|
| १ | हो | जास्त | होता | आला |
| २ | हो | जास्त | नव्हता | आला |
| ३ | हो | जास्त | होता | आला |
| ४ | हो | जास्त | नव्हता | आला |
| ५ | हो | बेताचा | होता | आला |
| ६ | नाही | जास्त | नव्हता | आला |
| ७ | हो | बेताचा | होता | नाही आला |
| ८ | हो | बेताचा | नव्हता | नाही आला |
| ९ | नाही | जास्त | होता | नाही आला |
| १० | नाही | जास्त | नव्हता | नाही आला |
| ११ | नाही | जास्त | नव्हता | नाही आला |
| १२ | नाही | बेताचा | होता | नाही आला |

बारांपैकी सहा शेतांत करपा आला, सहांत आला नाही. काहीच न विचारता अंदाज केला तर निम्मे चुकणार. आता तिन्ही प्रश्न एकेक करून लावून पाहू.

‘गेल्या वर्षी करपा होता का?’ असं विचारलं तर सहा-सहा शेतांचे दोन ढीग होतात. पहिल्यात तीन शेतांत रोग आलेला, तीनांत नाही. दुसऱ्यातही तेच. या प्रश्नाने काहीच उलगडलं नाही. ‘युरिया जास्त आहे का?’ असं विचारलं तर जास्तवाल्या आठ शेतांपैकी पाचांत रोग आहे आणि बेताच्या चारांपैकी एकात. प्रत्येक ढिगाला त्यातल्या बहुमताचं उत्तर द्यायचं ठरवलं तर पहिल्यात तीन आणि दुसऱ्यात एक अशा चार शेतांबद्दल आपण चुकू. ‘पान उशिरापर्यंत ओलं राहतं का?’ असं विचारलं तर ओल्या सातांपैकी पाचांत रोग आहे, कोरड्या पाचांपैकी एकात. इथे चुका तीनच. तेव्हा पहिला प्रश्न पानाच्या ओलाव्याचा.

संगणकही हेच करतो. समोर असलेला प्रत्येक प्रश्न लावून पाहतो आणि ज्याने ढीग सर्वांत निवळतात तो ठेवतो. ढीग किती मिसळलेला आहे हे मोजायची त्याची रीत आपल्या चुका मोजण्यापेक्षा थोडी बारीक आहे. ढिगातल्या प्रत्येक शेताची एक चिठ्ठी केली, डोळे मिटून एक काढली, परत टाकली आणि पुन्हा एक काढली, तर एक ‘आला’ची आणि दुसरी ‘नाही’ची निघण्याचा संभव किती? सगळी शेतं एकाच प्रकारची असतील तर तसं कधीच होणार नाही. निम्मी-निम्मी असतील तर ते सर्वांत जास्त वेळा होईल. हा संभव जितका कमी, तितका ढीग स्वच्छ. या मापाला जिनी म्हणतात. पुस्तकांत त्याचं सूत्र दिलेलं असतं, पण सूत्रात याहून वेगळं काही नाही.

आता ओल्या पानांची सात शेतं घेऊन तोच खेळ पुन्हा. यांना युरिया विचारला की १, २, ३ आणि ४ ही चार शेतं वेगळी निघतात आणि त्या सगळ्यांत करपा आहे. उरलेल्या ५, ७ आणि ८ या तिघांत एकात आहे, दोनांत नाही. कोरड्या पानांच्या पाच शेतांना मात्र काहीही विचारलं तरी एक चूक उरतेच, म्हणून तिथे थांबू. आपला वृक्ष तयार झाला:

पान उशिरापर्यंत ओलं राहत नसेल तर करपा येणार नाही. ओलं राहत असेल आणि युरिया जास्त असेल तर येईल. ओलं राहत असेल पण युरिया बेताचा असेल तर येणार नाही.

बारांपैकी दहा शेतांबद्दल हे बरोबर आहे; पाचव्या आणि सहाव्याबद्दल चूक. आणि गेल्या वर्षीच्या रोगाचा प्रश्न वृक्षात आलाच नाही. त्याचा अर्थ रोगट पेंढ्याने काही होत नाही असा नाही. या बारा नोंदींत त्याने निवड करायला मदत केली नाही, इतकाच आहे.

या रीतीला शास्त्रीय बैठक मिळाली ती लिओ ब्रायमन, जेरोम फ्रीडमन, रिचर्ड ओल्शेन आणि चार्ल्स स्टोन या चौघांच्या १९८४ सालच्या पुस्तकाने. त्याच्या सुरुवातीचं उदाहरण इस्पितळातलं आहे. हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेल्या २१५ रुग्णांची प्रत्येकी १९ मोजमापं होती, आणि महिन्याभरात जिवाला धोका कोणाला, हे सांगणारा वृक्ष त्यांतून काढायचा होता. निघालेल्या वृक्षात तीनच प्रश्न होते: रक्तदाब, वय आणि नाडीचा वेग यांच्याबद्दलचे. १९ मोजमापांतून तीन उरले आणि ते तीन कोणालाही वाचून समजतात. निर्णयवृक्षाची खरी ताकद हीच. तो उत्तर देतो आणि ते उत्तर कोणत्या वाटेने आलं हेही दाखवतो. सल्ला देणाऱ्या कृषी सहायकाला शेतकऱ्यासमोर बसून ती वाट बोट ठेवून सांगता येते.

अति शिकलेला वृक्ष

पाचव्या आणि सहाव्या शेताची चूक सहन होत नाही म्हणून आपण आणखी एक रकाना जोडला असं समजा: शेत गाडीरस्त्यापासून किती पावलांवर आहे? सहावं शेत ४० पावलांवर, दहावं ९० वर, अकरावं १२० वर, नववं आणि बारावंही पन्नासच्या पुढे. पाचवं ३० पावलांवर, सातवं आणि आठवं २०० च्या पुढे. आता वृक्षाने विचारलं, ‘पन्नास पावलांच्या आत आहे का?’ दोन्ही बाजूंच्या चुका एका फटक्यात नाहीशा होतात. बारापैकी बारा बरोबर.

या बारातून पुढच्या वर्षी काहीच मिळणार नाही. रस्त्याच्या अंतराचा करप्याशी संबंध नव्हता. या मोजक्या शेतांत तो योगायोगाने जुळला. आकड्यांच्या रकान्यात हा धोका अधिक असतो, कारण आकड्यांमध्ये रेघ कुठेही मारता येते. ५० वर जमलं नाही तर ६५ वर, नाहीतर ८० वर. एखादी रेघ कुठेतरी योगायोगाने जुळतेच. वृक्षाला मोकळं सोडलं तर तो अशा रेघा शोधत प्रत्येक शेतासाठी वेगळी फांदी काढतो. मग त्याने नियम शिकलेला नसतो, नोंदवही पाठ केलेली असते.

हे ओळखायचं कसं? ज्या नोंदींवर वृक्ष वाढवला त्यांवर त्याची परीक्षा घ्यायची नाही. काही नोंदी सुरुवातीलाच बाजूला ठेवायच्या आणि वृक्ष पूर्ण झाल्यावर त्यांवर तो ताडून पाहायचा. शिकलेल्या शेतांवर जवळजवळ अचूक आणि न पाहिलेल्यांवर ढिसाळ, असं दिसलं की पाठांतर झालं आहे हे नक्की. त्यावर आवरही घालता येतो. किती प्रश्न खोल जायचं याला मर्यादा घालायची. एका ढिगात ठरावीक शेतांपेक्षा कमी शेतं पडत असतील तर तो प्रश्न विचारायचाच नाही. किंवा वृक्ष वाढू द्यायचा आणि मग ज्या फांद्यांचा बाजूला ठेवलेल्या नोंदींवर उपयोग होत नाही त्या छाटायच्या. रस्त्याच्या अंतराच्या वृक्षात ‘ढिगात निदान तीन शेतं हवीत’ असा नियम घातला असता तर सहाव्या शेतासाठी एकट्याची फांदी निघालीच नसती.

डळमळणारा वृक्ष

छाटणी करूनही एक दुखणं उरतं. आपल्या तक्त्यातली दहावं आणि अकरावं ही दोन शेतं नोंदवायची राहून गेली असती तर? त्या आठवड्यात पुलावरून पाणी गेलं आणि निरीक्षकाला तिकडे पोचता आलं नाही, इतकं साधं कारण पुरे. आता पुन्हा मोजू. ओलाव्याच्या प्रश्नाने ओल्या सातांत दोन चुका आणि कोरड्या तीनांत एक, म्हणजे तीन. युरियाच्या प्रश्नाने जास्तवाल्या सहांत एक चूक आणि बेताच्या चारांत एक, म्हणजे दोनच. आता पहिला प्रश्न युरियाचा झाला! ढिगात निदान तीन शेतांचा नियम पाळला तर त्याखाली ओलाव्याचा प्रश्न विचारताच येत नाही. हा दुसरा वृक्ष सांगतो की युरिया जास्त असेल तर करपा येईल.

आता एक नवं शेत समोर आलं. सकाळी पान लवकर सुकतं, पण युरिया जास्त पडला आहे. पहिला वृक्ष म्हणतो करपा येणार नाही. दुसरा म्हणतो येईल. दोन्ही वृक्ष प्रामाणिक मोजणीतून निघालेले आहेत. फरक फक्त दोन नोंदींचा. शेतकऱ्याचा फवारणीचा खर्च किंवा पिकाचं नुकसान निरीक्षक कोणत्या दोन शेतांवर पोचला यावर अवलंबून राहता कामा नये. नोंदी हजारांनी असल्या तर हे डळमळणं कमी होतं, पण पूर्ण जात नाही. कारण वरचा एक प्रश्न बदलला की त्याखालची सगळी मांडणी बदलते.

अनेक वृक्षांचं मत

ब्रायमन यांनी या डळमळीचाच उपयोग करून घेतला. वृक्ष नोंदींच्या लहानशा फरकाने बदलतात ना, मग मुद्दाम थोड्या थोड्या वेगळ्या नोंदींवर शेकडो वृक्ष वाढवायचे आणि सगळ्यांचं मत घ्यायचं. प्रत्येकाची चूक वेगळ्या बाजूला असेल तर मतमोजणीत चुका एकमेकींना खोडतील आणि समान शहाणपण उरेल. ही कल्पना त्यांनी १९९६ मध्ये मांडली. टिन कॅम हो यांनी १९९५ मध्ये प्रत्येक वृक्षाला काही निवडक रकानेच देऊन असे वृक्षसमूह वाढवले होते. दोन्ही कल्पना एकत्र आणून ब्रायमन यांनी २००१ मध्ये रँडम फॉरेस्ट या नावाचा लेख प्रसिद्ध केला.

आपल्या बारा शेतांवर ते असं होतं. बारा चिठ्ठ्या एका मडक्यात टाका. एक काढा, क्रमांक लिहा आणि चिठ्ठी परत मडक्यात टाका. असं बारा वेळा करा. चिठ्ठी परत टाकल्यामुळे काही शेतं दोनदा-तीनदा येतील आणि साधारण चारेक शेतं एकदाही येणार नाहीत. या यादीवर पहिला वृक्ष वाढवा. पुन्हा बारा चिठ्ठ्या काढून दुसरा. कधी दहावं-अकरावं शेत सुटेल, कधी पाचवं तीनदा येईल, आणि वृक्ष वेगवेगळे निघतील.

एवढ्याने भागत नाही. पानाचा ओलावा हा फार जोरदार प्रश्न असेल तर जवळपास सगळेच वृक्ष त्यानेच सुरू होतील आणि एकसारखे चुकतील. सगळे एकसारखे चुकत असतील तर मतं मोजून काय मिळणार? म्हणून दुसरी युक्ती अशी की, प्रत्येक फांदीच्या फाट्यावर वृक्षाला सगळे प्रश्न दाखवायचे नाहीत. चिठ्ठ्या टाकून थोडेच दाखवायचे आणि त्यांतूनच सर्वांत चांगला निवडायला लावायचं. सोळा रकाने असतील तर प्रत्येक फाट्यावर चारेक दाखवण्याची प्रथा आहे. जिथे ओलाव्याचा प्रश्न हाताशी नसतो तिथे वृक्षाला युरियाकडे, वाणाकडे, खाचरात पाणी बांधून आहे की ते कोरडं पडलं आहे याकडे बघावं लागतं. एरवी जोरदार प्रश्नाच्या सावलीत दडलेली माहिती अशी वर येते.

वनात किती वृक्ष असावेत याचं एकच उत्तर नाही. पायथनमधल्या प्रचलित साधनात काही सांगितलं नाही तर शंभर वृक्ष वाढतात. संख्या वाढवल्याने वन पाठांतराकडे झुकत नाही. उत्तर फक्त स्थिर होत जातं, आणि काही शेकड्यांनंतर फारसं बदलत नाही.

चिठ्ठ्यांच्या या रीतीतून एक फायदा आपोआप होतो. प्रत्येक वृक्षाच्या यादीतून सुमारे एक तृतीयांश शेतं सुटलेली असतात. त्या वृक्षाने ती पाहिलेलीच नाहीत, म्हणून त्याची परीक्षा त्यांवर घेता येते. पाचव्या शेताबद्दल ज्या ज्या वृक्षांनी ते पाहिलं नाही त्यांचीच मतं मोजायची, सहाव्याचं तसंच, सातव्याचं तसंच. वेगळ्या नोंदी बाजूला न ठेवताही वन किती चुकतं याचा अंदाज मिळतो.

अनेक वृक्षांच्या या मताची किंमतही द्यावी लागते. एका वृक्षाची वाट बोट ठेवून दाखवता येत होती, शंभर वृक्षांची येत नाही. कोणता रकाना वनाला किती उपयोगी पडला हे काढता येतं, पण ते जपून वाचावं. पानाचा ओलावा आणि हवेतली आर्द्रता या दोन गोष्टी बरोबरीने वाढतात. दोन्ही रकाने असतील तर श्रेय दोघांत वाटलं जातं आणि दोन्ही कमी महत्त्वाच्या वाटू लागतात.

वनाला जे जमत नाही

वन मोठं केल्याने नोंदींतली उणीव भरून निघत नाही. करप्याच्या सल्ल्यात तीन उणिवा विशेष छळतात.

पहिली जागेची आणि हंगामाची. एकाच शिवारातली पन्नास खाचरं एकाच सरीत भिजतात आणि एकाच धुक्यात राहतात. त्यांतली चाळीस शिकायला आणि दहा परीक्षेला ठेवली तर वनाला जवळजवळ उत्तरपत्रिकाच मिळते, कारण शेजारच्या खाचराचं उत्तर त्याने पाहिलेलं असतं. गुण उत्तम येतात आणि नव्या गावात वन कोसळतं. सुटलेल्या शेतांवरची ती फुकटची परीक्षाही इथे फसवते, त्याच कारणाने. म्हणून परीक्षेसाठी सुटी खाचरं नव्हे, अख्खी गावं आणि अख्खे हंगाम बाजूला काढावे लागतात. शिवाय वृक्ष जे आकडे पाहतो त्यांच्याच मधे रेघा मारतो. त्यांच्या पलीकडे काय होईल हे त्याला सांगता येत नाही. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच नाशिक जिल्ह्यात पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे तो सहाशेच्या आगेमागे असतो. घाटमाथ्याच्या नोंदींवर वाढलेलं वन तिकडे नेलं तरी ते न अडखळता उत्तर देईल, आणि त्या उत्तरावर विसंबायला काहीच आधार नसेल.

दुसरी उणीव दुर्मीळ रोगाची. शंभर शेतांपैकी पाचांतच करपा येत असेल तर ‘कुठेही येणार नाही’ असं सांगणारं निरुपयोगी वनही शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर ठरतं. म्हणून एकूण किती बरोबर हा आकडा एकटा पाहू नये. दोन वेगळे आकडे मागावेत: ज्या शेतांत रोग आला त्यांतली किती आधी ओळखली, आणि ज्यांना धोका सांगितला त्यांतल्या कितींमध्ये तो खरोखर आला?

तिसरी उणीव सर्वांत कमी लक्षात येते. सल्ला मिळाला, शेतकऱ्याने वेळेवर फवारणी केली आणि करपा आला नाही. नोंदवहीत काय उतरतं? पान ओलं, युरिया जास्त, करपा नाही. पुढच्या हंगामात वन या नोंदीवरून शिकेल की अशा खाचरांना धोका नसतो. म्हणजे सल्ला जितका चांगला, तितक्या त्याच्याच पुढच्या नोंदी बिघडतात. याला उपाय एकच. फवारणी झाली का, कधी झाली आणि कशाची झाली, हा रकाना प्रत्येक शेतासाठी भरलेला हवा, आणि वन वाढवताना फवारलेली शेतं वेगळी धरायला हवीत. हा रकाना संगणक भरून देऊ शकत नाही. तो बांधावर उभ्या असलेल्या निरीक्षकाने आणि शेतकऱ्याने भरायचा असतो.

मतांचा आकडा आणि निर्णय

पुढची प्रकरणं वाचताना वाचकाने एक गोष्ट मनाशी धरावी. रँडम फॉरेस्टचं खरं उत्तर ‘येईल’ किंवा ‘येणार नाही’ असं नसतं. ते शंभरात इतक्या वृक्षांचं मत असं असतं. आपल्या त्या नव्या शेताबद्दल, पान लवकर सुकणाऱ्या पण युरिया जास्त पडलेल्या, समजा ३८ वृक्ष ‘येईल’ म्हणाले आणि ६२ ‘नाही’. बहुमत धरलं तर सल्ला निघतो की काही करू नका. पण पीक पोटरीत असेल, पुढे लोंबीच्या मानेवर रोग बसला तर दाणाच भरणार नसेल, आणि पाच दिवसांचा अंदाज ढगाळ असेल, तर ३८ मतं हलकी नाहीत. उलट पीक फुटव्यांच्या अवस्थेत असेल, उघडीप दिसत असेल आणि फवारणीचा खर्च परवडत नसेल, तर तीच ३८ मतं थांबायला सांगतात. फार तर दोन दिवसांनी पुन्हा खाचरात फिरून ठिपके पाहायला.

किती मतांवर फवारायचं ही रेघ वन मारत नाही. रोग सुटून गेला तर जाणारं पीक आणि विनाकारण फवारणी झाली तर जाणारा पैसा, पाण्यात उतरणारं औषध, यांची तुलना करून ती मारावी लागते. ती तुलना प्रत्येक हंगामात आणि पिकाच्या प्रत्येक अवस्थेला वेगळी असते. सल्ला देणाऱ्याने मतांचा आकडा लपवून फक्त ‘फवारा’ किंवा ‘फवारू नका’ सांगितलं, तर ही तुलना शेतकऱ्याच्या वतीने तो गुपचूप करून टाकतो.

म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक वृक्षापाशी आणि प्रत्येक वनापाशी वाचकाने चार प्रश्न विचारावेत. नोंदी कोणत्या गावांच्या आणि कोणत्या हंगामांच्या आहेत? परीक्षा न पाहिलेल्या गावांवर घेतली का? ज्या शेतांत रोग आला त्यांतली किती सुटली? आणि मतांची रेघ कोणी, कोणाच्या खर्चाचा विचार करून मारली? पहिल्या तीनांची उत्तरं वन वाढवणाऱ्याने द्यायची आहेत. चौथ्याचं उत्तर ठरवताना ज्याचं खाचर आहे तो समोर बसलेला असला पाहिजे.